चार, नऊ आणि तेहतीस

मिनू, त्या रात्री तू फोनवर "ताई, चारच राहिलीत गं" म्हणून रडायला लागलीस, तेव्हा मला आधी कळेचना की कसली चार. मग रिपोर्टचा फोटो आला. उजवीकडे दोन, डावीकडे दोन आणि खाली ठळक अक्षरांत 'रिझर्व्ह कमी'. तुझा हिशोब सरळ होता: चार बीजं उरली, महिन्याला एक जातं, दिवाळीपर्यंत खेळ खलास.

अगं, चार कुणाचीच उरत नाहीत. पाळी कायमची जाते त्या वेळीसुद्धा अंडाशयात हजारभर बीजं पडून असतात. तेहतीस वर्षांच्या बाईकडे काही हजार तरी असतातच, बहुतेकींकडे काही दहा हजार. मग सोनोग्राफीत मोजतात ते काय? पंधरा वर्षं मी त्या अंधाऱ्या खोलीत बसून हेच मोजते आहे, तेव्हा एवढं तरी मला नीट सांगता यायला हवं.

गावी आजीच्या ओसरीवर कणगी होती, आठवते? आत किती धान्य आहे ते बाहेरून दिसायचं नाही. अंडाशयाचं तसंच आहे. आपण आईच्या पोटात वीस आठवड्यांच्या असतो तेव्हा तिथे साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्माला येईपर्यंत दहा-वीस लाख उरतात, पहिल्या पाळीच्या वेळी तीन-चार लाख. नवीन एकही तयार होत नाही. ही साठ्यातली बीजं इतकी बारीक, मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढी, की कुठल्याच सोनोग्राफी मशीनला ती दिसत नाहीत. दिसतात ती साठ्यातून बाहेर पडून कित्येक महिने वाढत आलेली. त्यांच्याभोवती पाण्याची छोटी पिशवी तयार झालेली असते, तिलाच आम्ही अँट्रल फॉलिकल म्हणतो. पडद्यावर राखाडी अंडाशयात काळे ठिपके दिसतात, दोन ते दहा मिलिमीटरचे. दोन्ही बाजूंचे ठिपके मोजून बेरीज करायची, झाली एएफसी. म्हणजे कणगीत डोकावता येत नाही म्हणून वाफ्यात उगवून आलेली रोपं मोजायची आणि कणगी किती भरलेली असेल याचा अंदाज बांधायचा. साठा मोठा असेल तर एका वेळी जास्त फॉलिकल निघतात, आटत गेला की कमी. तिशीच्या सुरुवातीला दोन्ही मिळून दहा-वीस दिसणं नेहमीचं. पाच-सहाच्या खाली आलं की आम्ही 'कमी' म्हणतो.

आणि त्या रोपांतलं एकच त्या महिन्यात पिकतं, बाकीची आपोआप सुकतात. तू बीज सोडलंस काय, न सोडलंस काय, ती जातातच. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या घेऊन बीजं वाचत नाहीत, आणि आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी पुढच्या वर्षांची बीजं संपतही नाहीत. इंजेक्शनं फक्त सुकणार असलेल्यांना त्याच महिन्यात वाढवतात.

आता तुझा तो रिपोर्ट. मी तुला तीन गोष्टी विचारल्या होत्या. सोनोग्राफी पोटावरून झाली की आतून? त्या दिवशी पाळीचा कितवा दिवस होता? कुठली औषधं चालू होती? तिन्ही उत्तरांवर मी कपाळाला हात लावला. भरपूर पाणी पिऊन, मूत्राशय भरून, पोटावरून केली होती. तिथल्या ताईंनी तुला 'लग्न झालंय का' एवढंही विचारलं नाही, की तू टिकली-मंगळसूत्र काही न घालता गेलीस म्हणून लग्न झालेलं नाही असं धरून चालल्या, कोण जाणे. आपल्याकडे कुमारिकेची आतून तपासणी करत नाहीत, ते बरोबरच. पण मग पोटावरून मोजलेला आकडा एवढ्या ठसक्यात लिहू नये. पोटाची चरबी आणि आतड्यातला वायू यांच्या पलीकडचे तीन मिलिमीटरचे ठिपके कितीसे दिसणार? ही मोजणी आतून, योनीमार्गे करायची, मूत्राशय रिकामं ठेवून, पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. तेव्हा अजून कुणी पुढे निघालेलं नसतं, सगळे ठिपके सारखे आणि लहान असतात. नंतर एक फॉलिकल फुगून मोठा होतो, शेजारच्यांना दाबतो आणि मोजणी बिघडते.

शिवाय तू दोन वर्षं गोळ्यांवर. गोळ्यांमुळे अंडाशय निजल्यासारखं होतं, ठिपके लहान राहतात, संख्या खरीपेक्षा कमी भरते. एएमएच नावाची जी रक्ततपासणी आहे, तीही याच लहान फॉलिकलांतून येणारं संप्रेरक मोजते, म्हणून गोळ्यांवर तीही खाली जाते. गोळ्या थांबवून दोन-तीन पाळ्या जाऊ दिल्या की खरा आकडा वर येतो.

म्हणून तुला थांबायला लावलं, तोवर दुसरी काळजी घ्या म्हटलं, आणि तिसऱ्या पाळीच्या तिसऱ्या दिवशी कोल्हापूरला बोलावलं. स्वतःच्या मावसबहिणीची मोजणी स्वतः करू नये म्हणून माझ्या सहकारी मॅडमना बसवलं. उजवीकडे पाच, डावीकडे चार. नऊ. डावं अंडाशय आतड्यामागे दडलं होतं, त्यांनी पोटावर हाताने हलकं दाबलं तेव्हा पुढे आलं. पहिल्या ठिकाणी ते बहुधा अर्धंच दिसलं असणार. मॅडमनी प्रोब या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला, एक गोल काळा ठिपका वगळला. तो फॉलिकल नव्हता, आडवी कापलेली रक्तवाहिनी होती. प्रोब वळवला की रक्तवाहिनी लांब होत जाते, फॉलिकल गोलच राहतो. उद्या तिसऱ्या कुणी मोजलं तर आठ येतील किंवा अकरा. दोन-तीनचा फरक कुणाचीच चूक नसते. चार आणि नऊ यांतला फरक मात्र पद्धतीचा होता.

नऊ म्हणजे तुझ्या वयाला जरा खालच्या बाजूला. ते मी झाकणार नाही. पण तू नंतर जो प्रश्न विचारलास, "मग माझी बीजं वाईट आहेत का?", त्याचं उत्तर त्या नऊमध्ये नाहीच. ते तुझ्या तेहतीसमध्ये आहे.

बीज किती आणि बीज कसं, या दोन वेगळ्या गोष्टी. प्रत्येक बीज आपण जन्मायच्या आधीच अर्धं विभागून मध्येच थांबलेलं असतं. तू ज्या बीजातून झालीस ते मावशी आजीच्या पोटात होती तेव्हाच तयार झालं होतं, विचार कर! त्या थांबलेल्या अवस्थेत गुणसूत्रांच्या जोड्या प्रथिनांच्या कड्यांनी बांधलेल्या असतात, आणि ती कडी पुन्हा नव्याने घातली जात नाहीत. वीस वर्षांनी ती घट्ट असतात, चाळीस वर्षांनी सैल. बीज सुटायच्या वेळी जोड्या नीट वेगळ्या व्हायला हव्यात, तिथे एखादं गुणसूत्र चुकीच्या बाजूला जातं. असा गर्भ बहुतेकदा रुजत नाही किंवा पडतो. क्वचित पुढे जातो. डाऊन सिंड्रोमचं बाळ होण्याची शक्यता पंचविशीत साधारण बाराशेंत एक, पस्तीसला साडेतीनशेंत एक, चाळीसला शंभरात एक, ती यामुळेच. यातलं काहीच सोनोग्राफीत दिसत नाही. चांगल्या बीजाचा ठिपका आणि बिघडलेल्या बीजाचा ठिपका पडद्यावर अगदी सारखा काळा.

माझंच बघ. हे मी घरात कुणाशी फार बोलले नाही. चाळिसाव्या वर्षी माझी एएफसी अठरा होती. डॉक्टर हसून म्हणाले, मॅडम, तुमचं अंडाशय विशीतल्या मुलीचं आहे. मलाही मनातून गुदगुल्या झाल्या, आणि मला कळायला हवं होतं! पहिल्या आयव्हीएफला चौदा बीजं निघाली. अकरा पक्व, आठ फळली, पाच दिवस टिकून तीन गर्भ झाले. तिन्हींची गुणसूत्रं तपासली, तिन्ही नापास. चाळिशीत पाच दिवसांच्या गर्भांपैकी निम्म्याहून जास्त बिघडलेले निघतात, हे मला पाठ होतं. पण स्वतःचा रिपोर्ट हातात आल्यावर पाठांतराचा काही उपयोग होत नाही. दुसऱ्या खेपेला चार गर्भ, त्यांतले दोन बरे, आणि त्यांतला एक म्हणजे आपला चिनू. अठराने मला काय दिलं? प्रत्येक खेपेला तिकिटं जास्त दिली. तिकिटावरचा नंबर चाळीसने ठरवला.

आता तुझी बेरीज मांडू. समजा उद्या तुला आयव्हीएफ लागलं. नऊ फॉलिकलांतून सहा-सात बीजं मिळतील, पाच पक्व, चार फळतील, दोन गर्भ पाचव्या दिवशी पोचतील. तेहतिशीत दोन तृतीयांश गर्भांची गुणसूत्रं बरोबर असतात, म्हणजे त्या दोनांत एखादा तरी चांगला असण्याची आशा. माझ्या चौदा बीजांच्या पहिल्या खेपेपेक्षा तुझी सहाची टोपली भारी. ही सरासरी आहे, कुणाला शून्यही मिळतो. पण पैज लावायची तर मी तुझ्या बाजूने लावेन.

आणि आयव्हीएफ न लागता, नेहमीच्या मार्गाने? त्याला महिन्याला एकच बीज लागतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात तीस ते चव्वेचाळीस वयाच्या, नुकत्याच मूल व्हावं म्हणून प्रयत्न सुरू केलेल्या साडेसातशे बायकांचा अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला. त्यांत एएमएच कमी असलेल्यांना सहा पाळ्यांत दिवस राहण्याची शक्यता ६५ टक्के निघाली, नॉर्मल असलेल्यांना ६२. म्हणजे काही फरकच नाही. साठा कमी म्हणून दिवस राहणार नाहीत, असं होत नाही.

मग तुला पीएचडीसाठी दोन वर्षं थांबायचंय, ते? थांब. तेहतीसची पस्तीस होताना बीजांचा दर्जा थोडा उतरतो, कोसळत नाही. नऊचा अर्थ इतकाच धर की पुढे कधी आयव्हीएफची वेळ आली तर दर खेपेला हाती कमी येईल, आणि सदतीस-अडतीसपर्यंत ढकलशील तर तुझ्याकडे सवड कमी असेल. दुसरं मूल मनात असेल तर ते आत्ताच मोज. पस्तीसला प्रयत्न सुरू केलेस आणि सहा महिन्यांत काही झालं नाही, तर वर्षभर वाट बघू नकोस. आणि नवऱ्याची तपासणी पहिल्याच आठवड्यात करून घे, ती सगळ्यात स्वस्त असते आणि सगळ्यात शेवटी होते. मधल्या काळात पाळ्या लांबायला लागल्या, रात्री घाम फुटून जाग यायला लागली, तर त्याच दिवशी मला फोन. ते वेगळं प्रकरण असतं.

दर तीन महिन्यांनी एएफसी मात्र करून घेऊ नकोस. आठ-अकरा-नऊ असे आकडे येत राहतील आणि तू प्रत्येकाला रडशील.

एकच गोष्ट मला मोजता येत नाही, ती तू विचारून घे. मावशीची पाळी कितव्या वर्षी गेली? पंचेचाळीसच्या आत गेली असेल तर हा नऊ मी वेगळ्या नजरेने बघेन. मावशी आधी 'तुला कशाला नसत्या चौकश्या' म्हणेल, मग स्वयंपाकघरात जाईल. तिच्या मागोमाग जा. भांडी घासताना ती सांगते, मला माहिताय.