घरी गेल्यावर बोलायचे कसे?



आपल्या धर्मग्रामातील काही जण आजाऱ्यांना, दुःखितांना आणि बऱ्याच दिवसांत न दिसलेल्या कुटुंबांना भेटायला जातात. जाताना काय बोलावे हे सुचत नाही, म्हणून पुष्कळ जण आधी कागदावर काही वाक्ये लिहून पाठ करतात. ती वाक्ये शुद्ध आणि आदराची असतात. पण खाटेवर पडलेल्या म्हातारीसमोर ती म्हटली की ती नुसती मान हलवते आणि बोलणे तिथेच थांबते. आज आपण अशीच सहा वाक्ये घेऊ आणि आपल्या नांदेड-लातूरकडच्या घरात शोभतील अशी करू.

ती सहा वाक्ये अशी:

१. आपली प्रकृती कशी आहे?
२. आपण औषधे नियमितपणे घेत आहात काय?
३. आपल्या पतीच्या निधनाचे वृत्त समजताच आम्हांस अतीव दुःख झाले.
४. कोणत्याही प्रकारच्या साहाय्याची आवश्यकता भासल्यास निःसंकोचपणे कळवावे.
५. आगामी रविवारी उपस्थित राहण्याची कृपा करावी.
६. झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगिरी व्यक्त करतो.

या वाक्यांत व्याकरणाची चूक एकही नाही. मग ती अडतात कुठे? बोलण्यातले वाक्य समोरच्याच्या उत्तरासाठी जागा ठेवते. कागदावरचे वाक्य स्वतःच पूर्ण होऊन बसते. ‘निःसंकोचपणे कळवावे’ यावर कोणी काय उत्तर द्यायचे? फार तर ‘बरं’. आपले सारे काम ही उत्तराची जागा उघडण्याचे आहे.

शेवटून सुरुवात नको

बहुतेक जण आधी शब्दांची शेपटे बदलतात. ‘केले’चे ‘केलं’, ‘माझे’चे ‘माझं’, ‘येथे’चे ‘इथं’. हा बदल खरा आहे, आपण बोलतो तसेच. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही त्याला जागा आहे. शासनाने १९६२ मध्ये १४ नियम मान्य केले आणि १९७२ मध्ये आणखी ४ जोडले. त्या नियमांप्रमाणे पात्राच्या तोंडचे बोलणे लिहिताना ‘असं केलं’ असे लिहावे, एरव्ही ‘असे केले’. हा लेखही त्याच रीतीने लिहिला आहे.

पण फक्त शेपूट बदलले तर चौथ्या वाक्याचे काय होते ते पाहा: ‘कोणत्याही प्रकारच्या साहाय्याची आवश्यकता भासली तर निःसंकोचपणे कळवा हो.’ कोट-टाय घातलेल्या माणसाच्या डोक्यावर पटका बांधावा तसे हे दिसते. म्हणून उच्चाराचे काम शेवटी ठेवावे. आधी तीन गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट: कोण कोणाला बोलत आहे?

‘आपण’ हा शब्द आदराचा खरा, पण आपल्याकडे घरात एवढा आदर पाहुण्याला किंवा साहेबाला मिळतो. म्हाताऱ्या बाईला ‘मावशी’ किंवा ‘आक्का’ म्हणून ‘तुम्ही’ म्हटले की आदरही राहतो आणि नातेही जडते. नाते एकदा हाकेत आले की वाक्यात आदराचे जड शब्द घालावे लागत नाहीत. म्हणून पहिले वाक्य हाकेपासून सुरू होते: ‘मावशी, आता कसं वाटायलंय?’

‘वाटायलंय’ हे आपल्या भागाचे रूप. पुण्याकडे ‘वाटतंय’ म्हणतात. ‘काय करायलास?’, ‘पाऊस पडायलाय’, ‘मी बाजारला जायलो’ ही रूपे आपल्या घराघरांत आहेत. त्यांत अशुद्ध काही नाही. चालू असलेली क्रिया सांगण्याची ही आपली रीत आहे. ज्याच्या तोंडी ही रूपे उपजत आहेत त्याने ती खुशाल वापरावीत. जो बाहेरून आला आहे त्याने ‘वाटतंय’च म्हणावे. उसने घेतलेले गावरान बोलणे समोरच्याला चेष्टा वाटते, आणि आजाऱ्याच्या उशाशी ती चेष्टा फार लागते.

दुसरी काळजी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की समोरचा माणूस बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. ‘आम्ही रविवारी जेवण ठेवलंय’ हे आमंत्रण झाले. ‘आपण रविवारी जेवण ठेवलंय’ यात त्या घराचाही वाटा आला. बरेच महिने दूर राहिलेल्या कुटुंबाला हा एका शब्दाचा फरक कळतो.

दुसरी गोष्ट: करणारा कोण?

कागदी भाषेत क्रियापदाचे नाम होते आणि करणारा नाहीसा होतो. ‘गरज लागली’ याचे ‘आवश्यकता भासणे’ होते, ‘या’ म्हणण्याचे ‘उपस्थित राहण्याची कृपा’ होते, ‘आम्ही करू’ याचे ‘करण्यात येईल’ होते. करण्यात येईल, पण करणार कोण? बोलीत तो दिसावा लागतो.

चौथे वाक्य पायरीपायरीने पाहू. ‘साहाय्याची आवश्यकता भासल्यास’ हे उघडले की ‘मदत लागली तर’ उरते. (साहाय्याचे मदत, आवश्यकतेचे गरज, प्रकृतीचे तब्येत, रुग्णालयाचे दवाखाना हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत रुळले आहेत आणि रोज तोंडात असतात. त्यांना हलके समजून टाळू नये.) ‘निःसंकोचपणे कळवावे’चे होते ‘लाजू नका, सांगा’. आता वाक्य असे झाले: ‘मदत लागली तर सांगा, लाजू नका.’ ऐकायला बरे आहे, पण अजून पोकळ आहे. कसली मदत? कोण करणार? स्वाभिमानी माणूस यावर कधीच काही मागत नाही. म्हणून आणखी एक पाऊल: ‘सोमवारी दवाखान्यात कसं जाणार? मी येऊ का सोबत?’

इथे वाक्य लहान झाले आणि बोलणाऱ्यावर जबाबदारी आली. वाक्य बोलीत आणताना आपल्याला ठरवावे लागले की सोमवारी आपण खरेच जाणार आहोत की नाही. जायचे नसेल तर हे वाक्य तोंडातून निघत नाही. ‘निःसंकोचपणे कळवावे’ मात्र कोणालाही, कधीही म्हणता येते.

सहाव्या वाक्यातही तेच आहे. ‘दिलगिरी व्यक्त करतो’ म्हणणारा माफी मागण्याच्या कृतीचे नाव घेतो, आणि ‘झालेला गैरसमज’ हा जणू कोणी न करता आपोआप झालेला असतो. बोलीत ते ‘माझं चुकलं. मनात ठेवू नका’ असे होते. ‘माझं’ हा शब्द टाळून हे वाक्य बोलीत आणताच येत नाही. ज्याला तो उच्चारायचा नाही तो पुन्हा दिलगिरीकडे वळतो, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच समजते.

तिसरी गोष्ट: एका वेळी एकच

तिसरे वाक्य एका दमात बातमी, वेळ आणि भावना सांगते. दुःखाच्या घरी माणूस एवढे सलग बोलत नाही. तोडून बघा: ‘आक्का, दादा गेले म्हणून कळलं. काय बोलावं कळंना.’ आणि मग गप्प बसावे. ‘अतीव दुःख झाले’ हे सांगायची गरज उरत नाही, कारण ‘कळंना’ यात ते आले. शिवाय आक्कांना बोलायला जागा मिळाली. बहुधा त्याच शेवटच्या दिवसाची हकीगत सांगू लागतील. ती ऐकणे हेच भेटीचे काम.

मग शेवटचा हात

आता उच्चार आणि बारीक शब्द. ‘ना’, ‘की’, ‘बरं का’ हे शब्द मिठासारखे आहेत. एका वाक्यात एक पुरे. ‘गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?’ यातला ‘ना’ काळजीने विचारतो. ‘काय’ लावून विचारले असते तर तपासणी वाटली असती. ‘येत्या रविवारी या की’ यातला ‘की’ आग्रह करतो. पण तोच ‘की’ ‘सांगितलं की!’ यात त्रासलेला ऐकू येतो, आणि ‘उशीर करू नका बरं का’ हा सूर जरा चढला तर ताकीद होते. म्हणून हे शब्द कागदावर नव्हे, मोठ्याने म्हणून तपासावेत.

एक गोष्ट बोलीत सांडते, ती म्हणजे नेमकेपणा. ‘परवा या’ म्हटले की परवा म्हणजे नेमका कोणता दिवस हे ऐकणाऱ्याने ठरवायचे, आणि ‘उद्या-परवा’ याला तर काही नेमच नाही. वार, वेळ आणि गोळीचे प्रमाण बोलीतही स्पष्ट सांगावे. फलकावरची सूचना, अर्ज आणि सर्वांनी मिळून म्हणायची प्रार्थना यांना हात लावू नये. तिथे सर्वांसाठी एकच ठरलेले वाक्य लागते, उत्तराची जागा नको असते.

जुनी आठवण

हा प्रश्न आजचा नाही. महानुभाव पंथाच्या ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात नागदेवाचार्यांची आठवण आहे. केशिराज हे विद्वान शिष्य संस्कृतात ग्रंथरचना करू लागले तेव्हा आचार्यांनी त्यांना अडवले. त्यामुळे आपल्या साध्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील, ही त्यांची चिंता होती. भाषा ठरवताना त्यांनी पंडिताचा विचार न करता ऐकणाऱ्या म्हातारीचा केला. आपल्यापुढे खाटेवर बसलेली तीच आहे.

घरी करून पाहा

आपली सहा वाक्ये आता अशी झाली: ‘मावशी, आता कसं वाटायलंय?’ ‘गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?’ ‘आक्का, दादा गेले म्हणून कळलं. काय बोलावं कळंना.’ ‘सोमवारी दवाखान्यात कसं जाणार? मी येऊ का सोबत?’ ‘येत्या रविवारी या की. दुपारी आपण सगळे मिळून जेवू.’ ‘माझं चुकलं. मनात ठेवू नका.’

आता ही तीन तुमच्यासाठी: ‘आपल्या पाल्याच्या शैक्षणिक प्रगतीबाबत चौकशी करावयाची होती.’ ‘आपल्या अनुपस्थितीची आम्हांस प्रकर्षाने जाणीव झाली.’ ‘सदर बाब गोपनीय ठेवण्यात येईल.’

लिहून झाले की कागद उलटा ठेवा आणि घरातल्या कोणालातरी ते वाक्य पाहून नव्हे, म्हणून ऐकवा. समोरचा ‘बरं’ म्हणून थांबला तर वाक्य अजून कागदी आहे. त्याने पुढे काही सांगायला सुरुवात केली तर ते जमले. तिसऱ्या वाक्याला मात्र जरा वेळ द्या. ते बोलीत आणण्यापूर्वी, ती बाब आपल्या पोटात खरोखर राहणार आहे का, हे आधी स्वतःला विचारावे लागेल.