बिलाचा फोटो घरी येऊन बघितला आणि 517 रुपये सापडले

या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक हॉटेलचं बिल दाखवलं, पण स्क्रीनवर ते पटकन सरकलं. म्हणून इथे तेच बिल आपण ओळीओळीने, सावकाश तपासूया. कागद-पेन किंवा फोनचा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

झालं असं की वसईत बॅच संपल्यावर आम्ही सहा जण जेवायला गेलो. हॉटेलचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा हॉटेलचा नाही, बिलाचा आहे. बिल आलं 2691 रुपये. प्रत्येकी 450 काढले, 2700 जमले, वरचे 9 वेटरला दिले आणि निघालो. सहाही जण धंदा शिकायला आलेले, आणि मी तर शिकवणारा! पण बिल कोणी वाचलं नाही. मी फक्त सवयीने फोटो काढला होता. विरारला घरी आल्यावर खर्च लिहायला बसलो तेव्हा तो नीट पाहिला.

आधी फोटोबद्दल. हॉटेलचं बिल बहुतेक वेळा थर्मल कागदावर असतं. पाकिटात, गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं की काही आठवड्यांत अक्षरं उडतात. म्हणून फोटो टेबलावरच काढायचा. बिल सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा (कागद चमकतो), चारही कोपरे दिसू द्या. बिल लांब असेल तर दोन फोटो काढा, पण पहिल्या फोटोतली शेवटची ओळ दुसऱ्या फोटोतही आली पाहिजे. नाहीतर मधली ओळ राहिली का, हे नंतर कळत नाही.

आता ते बिल असं होतं:

मसाला पापड – 3 × 40 = 120
पनीर टिक्का – 2 × 260 = 520
दाल तडका – 2 × 180 = 360
बटर रोटी – 14 × 30 = 420
जिरा राईस – 2 × 160 = 320
ताक – 6 × 40 = 240
पनीर टिक्का – 1 × 260 = 260
पाणी बाटली – 3 × 30 = 90
बेरीज – 2330
सर्व्हिस चार्ज 10% – 233
सीजीएसटी 2.5% – 64.08
एसजीएसटी 2.5% – 64.08
राउंड ऑफ – वजा 0.16
एकूण – 2691

पहिली पायरी: प्रत्येक ओळ, मग बेरीज

नग गुणिले दर बरोबर रक्कम, हे प्रत्येक ओळीत बघायचं. याचा एक जास्तीचा फायदा आहे. फोटोत 3 चा 8 दिसतो, 5 चा 6 दिसतो. गुणाकार जुळला नाही तर आधी फोटो मोठा करून बघा. चूक हॉटेलची आहे की आपल्या डोळ्यांची, हे तिथेच कळतं.

आमच्या बिलात सगळे गुणाकार बरोबर, बेरीजही बरोबर. कॉम्प्युटरचं बिल बेरजेत सहसा चुकत नाही. ते चुकतं एंट्रीमध्ये. पनीर टिक्का दोनदा दिसतोय बघा, एकदा 2 आणि खाली परत 1.

पण लगेच "फसवलं" म्हणू नका. एखादी डिश नंतर पुन्हा मागवली तर ती वेगळी ओळ म्हणून येऊ शकते, कारण किचनकडे तिची वेगळी केओटी जाते. म्हणजे एकच नाव दोनदा येणं हा पुरावा नाही, ती फक्त खूण आहे. टेबलावर किती प्लेट आल्या, ते आठवायचं. मी ग्रुपवर विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर आलं: दोनच प्लेट आल्या होत्या, तिसरी मागवलीच नव्हती.

पाण्याची बाटलीही खटकली. बाटलीवर एमआरपी 20 आणि लावले 30. दुकानात हे चालत नाही. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे दुकानदार त्यावर एक रुपयाही वाढवू शकत नाही आणि खाली वेगळा जीएसटीही जोडू शकत नाही. किराणा बिलाच्या तळाशी कराचा तक्ता असतो, तो आतला कर फोडून दाखवतो. 210 रुपयांच्या पाकिटात 5% कर असेल तर त्यातले 200 मालाचे आणि 10 कराचे. द्यायचे 210 च, 220.50 नाही. पण हॉटेलात बसून पाणी घेतलं की गोष्ट बदलते. 12 डिसेंबर 2017 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंट बाटलीसोबत जागा आणि सेवाही देतं, म्हणून तिथे एमआरपीपेक्षा जास्त दर लावता येतो. आमच्या मेनूकार्डवर 30 लिहिलेले होते. त्यामुळे ही ओळ सोडून दिली.

दुसरी पायरी: सीजीएसटीला 40 ने गुणा

ही युक्ती लिहून ठेवा. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी 5% असतो. तो अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत येतो, सीजीएसटी केंद्राचा आणि एसजीएसटी राज्याचा. दोन ओळी बघून "कर दोनदा लावला" असं समजू नका, तो एकच 5% आहे. (ज्या मोठ्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला 7500 च्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटचा दर 18% असतो. तो हिशोब वेगळा.)

अडीच टक्के म्हणजे चाळिसावा भाग. म्हणून सीजीएसटीचा आकडा गुणिले 40 केलं की कर नेमका किती रकमेवर लावलाय ते बाहेर येतं. आमच्या बिलात 64.08 × 40 = 2563.20. पण जेवण तर 2330 चं! मग वरचे 233 कुठले? सर्व्हिस चार्जचे. म्हणजे आधी सर्व्हिस चार्ज जोडला आणि मग त्याच्यावरही जीएसटी घेतला. फोटोची मधली ओळ पुसट असली तरी हा गुणाकार सांगतो की मध्ये काहीतरी बसलंय. पैशांच्या राउंडिंगमुळे दहा-वीस पैशांचा फरक पडतो, तो सोडून द्या.

तिसरी पायरी: सर्व्हिस चार्ज

सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही. तो पैसा हॉटेलकडे राहतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सूचना काढल्या: सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावाने लावायचा नाही, आणि बिलात मिळवून त्यावर जीएसटी तर अजिबात घ्यायचा नाही. ग्राहकाने स्वखुशीने दिला तर त्याची मर्जी. हॉटेल संघटना कोर्टात गेल्या, पण 28 मार्च 2025 ला दिल्ली हायकोर्टाने या सूचना योग्य ठरवल्या. त्यामुळे 'स्टाफ फी', 'एस.सी.' अशी कुठलीही ओळ दिसली तरी विचारायचा हक्क आपल्याला आहे.

आता बरोबर बिल बनवू

2330 मधून जास्तीचा पनीर टिक्का काढला: 2070. सर्व्हिस चार्ज शून्य. सीजीएसटी 51.75, एसजीएसटी 51.75. एकूण 2173.50, राउंड करून 2174. आम्ही दिले 2691. फरक 517 रुपये.

गंमत बघा, पनीर टिक्का 260 चाच, पण त्याने सर्व्हिस चार्जही वाढवला आणि करही वाढवला. वरची एक चूक खालच्या प्रत्येक टक्क्यात पुन्हा मोजली जाते. म्हणून तपासणी नेहमी वरून खाली करायची.

आणि "बिलावर जीएसटी आहे ना, क्रेडिट घेईन" असं म्हणणाऱ्यांसाठी: जेवणाखाणाच्या खर्चावर आपल्याला साधारणपणे इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे जास्त गेलेला रुपया परत यायचा एकच रस्ता, हॉटेलकडूनच.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. गर्दीच्या वेळी नाही, दुपारी चारला. मॅनेजरला म्हटलं, "दादा, जरा हे बिल बघता का? पनीर टिक्का तीन लागलेत, आले दोनच." त्यांनी सिस्टीम उघडली. दोन केओटींमध्ये एका मिनिटाचंही अंतर नव्हतं. "नेट अडकलं होतं, पोराने दोनदा दाबलं असेल," म्हणाले. ते लगेच मान्य. सर्व्हिस चार्जवर मात्र "सगळेच देतात सर" झालं. मी आवाज न चढवता 2022 च्या सूचनेचं सांगितलं आणि नवीन बिल मागितलं. पाच मिनिटांत 517 यूपीआयने परत आले. ऐकलं नसतं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि तिथे हा फोटोच कामाला येतो.

शेवटची पायरी: जीएसटी नंबर

बिलावर 15 अक्षर-आकड्यांचा जीएसटीआयएन असतो. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये तो टाका आणि Taxpayer Type बघा. Regular असेल तर कर लावणं बरोबर. Composition असेल तर त्या दुकानाला ग्राहकाकडून कर घ्यायचा अधिकारच नाही, तो त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. आणि बिलावर जीएसटी आहे पण नंबरच नाही, तर तोही कर घेता येत नाही.

हे मी बॅचमध्ये सांगितलं तेव्हा नालासोपाऱ्याच्या एक ताई एकदम गप्प झाल्या. त्यांची छोटी खाणावळ सुरू होणार होती, नोंदणी कंपोझिशनमध्ये केलेली, आणि बिलबुक छापायला दिलेलं. त्यावर खाली '5% जीएसटी' अशी ओळ! "सर, सगळ्यांच्या बिलावर असते म्हणून मीही टाकली." त्यांनी तिथूनच प्रिंटरला फोन लावला. ती ओळ काढली आणि त्याजागी 'कंपोझिशन करदाता, ग्राहकाकडून कर घेण्यास पात्र नाही' हे वाक्य टाकायला सांगितलं, जे कंपोझिशनवाल्याच्या बिलावर असावंच लागतं. असा चुकून घेतलेला कर सरकारला भरावा तर लागतोच, वर दंडही होतो.

तर या आठवड्याचा गृहपाठ: फोनमधलं एक जुनं हॉटेल बिल काढा आणि सीजीएसटीला 40 ने गुणा. मग तुमच्या स्वतःच्या बिलाचा नमुना घ्या आणि त्याच चार पायऱ्यांनी तपासा. पुढच्या वेळी बिलाचा फोटो काढणारा ग्राहक तुमच्या काउंटरवर उभा असेल.