प्रश्न मोघम, तर उत्तरही मोघम!

मागच्या सेमिनारनंतर एका ताईंना मी हे पत्र लिहिलं. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता इथे देतोय.

ताई, नमस्कार.

सेमिनारमध्ये तुम्ही विचारलंत, "सर, मार्केटिंग कसं करू? माझा रेट बरोबर आहे का?" मी उत्तर दिलं, पण खरं सांगू? ते तुमच्या शेंगदाणा चटणीला जेवढं लागू होतं, तेवढंच एखाद्या सलूनलाही. कारण प्रश्नात तुमचा धंदा कुठे दिसतच नव्हता.

नंतर चहा घेताना तुम्ही सहज बोललात, "एक दुकानदार म्हणतो, पाकीट काउंटरवर ठेवतो, पण कमिशन वाढवून द्या." ताई, हा खरा प्रश्न! तो हॉलमध्ये विचारायला हवा होता.

आता त्याला धार लावू.

पहिलं, निर्णय एकच पकडा. "रेट बरोबर आहे का?" असं नको. "या दुकानदाराला कमिशन वाढवून देऊ की नको?" असं विचारा. उत्तर मिळाल्यावर सोमवारी तुम्ही नेमकं काय करणार, हे सांगता येत नसेल, तर प्रश्न अजून मोघम आहे.

दुसरं, आकडे सोबत आणा. तुम्हीच सांगितलेले आकडे घेऊ. पाकिटाची छापील किंमत 60 रुपये, दुकानदाराला तुम्ही देता 48 ला, खर्च 40. म्हणजे सुटतात 8 रुपये. त्या दुकानात महिन्याला 100 पाकिटं जातात, म्हणजे 800 रुपये. दुकानदाराला आता 12 रुपये मिळतात, त्याला हवेत 15. मग तुम्हाला सुटतील 5. तेच 800 रुपये मिळवायला 160 पाकिटं खपायला हवीत.

बघा, प्रश्न कसा बदलला: "काउंटरवर ठेवल्याने खप 100 वरून 160 च्या वर जाईल का?" याचं उत्तर माझ्यापेक्षा तो दुकानदार चांगलं देईल. त्याला म्हणा, एक महिना करून बघू, 160 च्या वर गेलं तर पुढे चालू ठेवू.

तिसरं, आकडा कच्चा नाही ना, ते तपासा. त्या 40 रुपयांत तुमची स्वतःची मजुरी धरली आहे का? बहुतेक जण धरत नाहीत. पाकिटामागे 3 रुपये मजुरी धरली, तर आज सुटतात 5 आणि कमिशन वाढवल्यावर फक्त 2. मग 160 नाही, 250 पाकिटं खपवावी लागतील! एक आकडा चुकला की निर्णयच उलटतो. शिवाय बाकीच्या दुकानदारांना कळलं, तर तेही मागणार. तोही हिशोब मांडून ठेवा.

पुढच्या सेमिनारला येताना एकच प्रश्न वहीत लिहून आणा. शेजारी बसलेल्या माणसाला तोच प्रश्न जसाच्या तसा विचारता येत असेल, तर तो खोडा आणि पुन्हा लिहा.

आणि हो, मजुरी धरून खर्च किती येतो ते आधी कळवा. दुकानदाराला तोपर्यंत होकार देऊ नका.