एकाच घरातल्या दोन जावा

वर्षावासात विहारात महिलांची तपासणी करताना आमच्याकडे दोन जावा आल्या. सासूबाई जाऊन तीन महिने झाले होते. थोरलीचे वजन महिनाभरात ५४ किलोवरून ५० वर आले होते. धाकटीचे तीन महिन्यांत ५८ चे ६४ झाले होते. घरचे म्हणत होते, थोरलीला टीबी झाला असेल आणि धाकटी मजेत आहे.

थोरलीला विचारले तर म्हणाली, "मी उपोसथ धरते." पण उपोसथ पौर्णिमा-अष्टमीला. इतर दिवशीही ती सकाळच्या चहावरच असायची. घास तोंडात फिरतो, चव लागत नाही, छातीत धडधडते, पहाटे तीनला जाग येते, असे हळूहळू सांगितले. उपोसथाच्या आडोशाला तिची न जेवण्याची सवय कुणाच्या लक्षातच आली नव्हती.

धाकटी जेवणाला नाही म्हणत नव्हती. पण सगळे झोपले की बिस्किटांचा पुडा आणि फरसाण संपायचे. "भूक नसते ताई, खाल्लं की थोडा वेळ बरं वाटतं," म्हणाली आणि रडली. दिवसभर झोप, कशातच मन नाही. हीसुद्धा उदासीनताच, पण अंगावर मांस आले की आपल्याकडे तिला कुणी आजारी म्हणत नाही.

असे का होते? काळजी अंगावर आली की शरीर पळण्याच्या तयारीत जाते, पोटाचे काम मंदावते आणि भूक मरते. तोच ताण आठवडेच्या आठवडे राहिला तर कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढलेले राहते आणि काहींना गोड-तेलकट खावेसे वाटते. कुणाचे कोणत्या बाजूला जाईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून डॉक्टरांच्या प्रश्नावलीत कमी भूक आणि अति खाणे हे एकाच प्रश्नात विचारलेले असते.

महिनाभरात प्रयत्न न करता वजन शंभरात पाचाने बदलले, म्हणजे ५४ किलोच्या बाईचे पावणेतीन किलो, आणि सोबत दोन आठवडे उदासी असेल तर दाखवायलाच हवे. मात्र सगळे मनावर ढकलू नये. थोरलीची आम्ही आधी थुंकी, साखर आणि थायरॉईड तपासून घेतली, धाकटीचेही थायरॉईड पाहिले. सगळे ठीक आल्यावरच मानसोपचार विभागात नेले.

गोळ्यांनीही भूक बदलते. काहींनी सुरुवातीला मळमळते, काहींनी वजन वाढते. धाकटीने शेजारणीचे ऐकून पंधरा दिवसांत गोळी बंद केली होती. परिणाम दिसायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. वजन वाढू लागले तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेता येते.

आता दोघी दर पौर्णिमेला विहारातल्या त्याच काट्यावर उभ्या राहतात. थोरली ५२ वर आली आहे, धाकटी अजून ६३ वरच आहे, पण रात्रीचा पुडा सुटला आहे. दवाखाना लांब असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावावा, मराठीत बोलता येते.