बसमधल्या बोलाचा पंचनामा

ही कृती एकाच प्रकारच्या बोलण्यासाठी आहे. अनोळखी माणूस, पुन्हा भेटण्याची शक्यता नाही, आणि त्याने जाता जाता टाकलेला एक टोमणा. घरातलं माणूस, साहेब किंवा शेजारी रोज लागेल असं बोलत असेल तर ही उपयोगाची नाही. तिथे समोर बसून बोलावं लागतं. बोलण्यात धमकी असेल किंवा बाईमाणसाची छेड असेल, तर ते डोक्यातून काढायचं नसतं, ११२ वर सांगायचं असतं. चारचौघांत जातीवरून अपमान झाला असेल तर त्यासाठी १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे. एवढं वगळून उरतं ते किरकोळ, पण तेच चार-चार दिवस झोपू देत नाही.

साहित्य: एक वही, एक पेन आणि संध्याकाळची १५ मिनिटं. मोबाइलवर लिहू नका. तिथे लिहिलेलं पुढच्या मिनिटाला कोणाला तरी पाठवलं जातं आणि मग त्या माणसाच्या उत्तराची वाट बघत आपण आणखी दोन तास त्याच गोष्टीत अडकतो.

कृती समजायला एक उदाहरण सोबत ठेवू. माझ्या ओळखीतले एक गुरुजी लग्नसराईत अकोल्याहून अमरावतीला निघाले होते. बस लागली, गर्दी तुटून पडली, त्यांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. आत पोचेपर्यंत त्या जागेवर एक गडी बसलेला. रुमाल बाजूला सारत तो म्हणाला, ‘‘रुमाल टाकला म्हंजे शीट काय तुमच्या बापाची झाली काय?’’ गुरुजी काही बोलले नाहीत. मूर्तिजापूरपर्यंत उभे राहिले, मग जागा मिळाली. अमरावतीचं लग्न छान झालं, जेवण उत्तम होतं. पण त्यांच्या डोक्यात ती बस पुढचा अख्खा आठवडा चालूच होती: दात घासताना, वर्गात हजेरी घेताना, रात्री पंखा बघत पडल्यावर.

पहिलं काम पंचनाम्याचं. वहीच्या पानावर मधोमध आडवी रेघ ओढा. रेघेच्या वर फक्त तेवढंच लिहा, जे शेजारी उभा असलेला तिसरा माणूस शपथेवर सांगू शकेल: कुठे, केव्हा, कोण, नेमके शब्द कोणते. शब्द जसेच्या तसे, बोलीत, सभ्य न करता. रेघेच्या खाली बाकीचं सगळं: मला काय वाटलं, त्याला काय म्हणायचं असेल, लोक काय म्हणाले असतील. गुरुजींचा वरचा भाग तीन ओळींत संपला. खाली मात्र पान भरलं: ‘सगळी बस हसली’, ‘मी मास्तर असून गप्प बसलो’, ‘त्याला वाटलं हा घाबरट आहे’, ‘माझ्या वडिलांना मधे ओढलं.’

आता खालची एकेक ओळ घ्या आणि विचारा, ही वर नेता येईल का? ‘सगळी बस हसली’ ही पहिलीच ओळ अडली. कोण हसलं, हे गुरुजींना नीट आठवेना. हसल्यासारखं एक पोरगं होतं, तेही कदाचित मोबाइलमध्ये बघून. आपण ओशाळलो की सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत असं वाटतं, पण ते मोजून पाहिलं तर आकडा बराच खाली येतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं होतं. निम्म्या लोकांनी तरी शर्ट पाहिला असेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात पाहिला होता साधारण पाव लोकांनी. एस.टी.त तर प्रत्येकाला आपली पिशवी आणि आपलं पोर सांभाळायचं असतं.

आणि एक वऱ्हाडातली गोष्ट. आपल्याकडे आवाजाची पट्टी मुळातच वर असते. ‘काहून बे’ हे भांडणही असतं आणि विचारपूसही. त्या गड्याचं ‘बापाची’ हे गुरुजींच्या वडिलांबद्दल होतं की नुसती बोलायची लकब, हे पंचनाम्यात ठरत नाही; पण तो त्यांच्या वडिलांना ओळखत नव्हता, एवढं नक्की वरच्या भागात लिहिता येतं.

दुसरं काम काटा शोधायचं, आणि इथे लोक घाई करतात. शब्दांमुळे त्रास होतोय असं वाटतं, पण बहुतेक वेळा काटा आपल्या एखाद्या अटीत रुतलेला असतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली आणि मुंबईचे कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती हेच सांगते: प्रसंग आणि त्रास यांच्या मधे आपला एक समज उभा असतो. तो शोधायला रेघेखालची सर्वांत जास्त झोंबणारी ओळ निवडा आणि तिच्यापुढे ‘असं व्हायलाच नको होतं, कारण...’ लिहून वाक्य पुरं करा. गुरुजींना वाटलं होतं वडिलांची ओळ झोंबेल. झोंबली ती ‘मी गप्प बसलो’ ही. पुढचं वाक्य निघालं: ‘कारण शिकलेल्या माणसाला जागच्या जागी उत्तर सुचलंच पाहिजे.’ म्हणजे आठवडाभर ते त्या गड्याशी नव्हे, स्वतःशी भांडत होते. ती अट पानावर उघडी पडल्यावर तिला प्रश्न विचारता येतो: हा नियम कुणी केला? वर्गातल्या एखाद्या मुलाला आपण हाच नियम लावू का?

टोमण्यात खरं काही असेल तर तेही याच पानावर निस्तरा. रुमाल टाकून जागा धरणं हा आपल्याकडचा रिवाज आहे, हक्क नाही. आधी चढलेल्याने आक्षेप घेतला तर त्यात तथ्य आहे. गुरुजींनी एका ओळीत लिहिलं, ‘पुढच्या वेळी आरक्षण करीन, नाहीतर उभा राहीन.’ टोमण्याचा कामाचा भाग तिथे संपला.

तिसरं काम, राहून गेलेलं उत्तर. डोक्यात प्रसंग फिरतो तो बहुधा उत्तराच्या जागी येऊन अडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तेव्हा ते उत्तर लिहून टाका. अट अशी की एकच वाक्य, आपल्या बोलीत, आणि आपण खरोखर तोंडाने बोलू शकू असं. गुरुजींनी आधी मनात रचलेली उत्तरं फार धारदार होती. त्यातलं एकही ते बसमध्ये बोलले नसते. शेवटी वहीत हे राहिलं: ‘‘बापाचं नाव कायले घेता भाऊ, बसाचं असन त बसा.’’ मोठ्याने एकदा म्हणा आणि थांबा. दुसरं, याहून चांगलं उत्तर लिहायला हात गेला की समजा, ही आता कृती राहिली नाही, तीच जुनी फिरकी वहीवर सुरू झाली. पेन खाली ठेवा.

चौथं काम रोजचं आहे, आणि सर्वांत कंटाळवाणं. विचार येऊ नये म्हणून झटू नका. डॅनियल वेगनर यांनी १९८७ साली काही जणांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं आणि आला तर घंटी वाजवायला लावली. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर मोकळीक दिल्यावर या लोकांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त आलं. म्हणून हाकलायचं नाही, वेळ द्यायची. टॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली चिंता करणाऱ्यांना रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास फक्त चिंताच करायला सांगितलं होतं. एका टोमण्याला १५ मिनिटं पुरतात. संध्याकाळी सहा ही वेळ ठरवा, झोपेच्या जवळची नको, आणि बिछान्यावर तर मुळीच नको. सकाळी आंघोळीत तो गडी आला की ‘सहाला ये’ एवढं म्हणा आणि हातातलं काम पुढे चालू ठेवा.

सहा वाजता वही उघडून पंचनामा वाचा, पण ‘मी’च्या जागी ‘गुरुजी’ घालून, दुसऱ्या कुणाची हकिकत वाचावी तसा. मग उरलेला वेळ तसंच बसा. दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी करायला काही उरत नाही आणि घड्याळाकडे लक्ष जातं. तो कंटाळा आला की कृती लागू पडतेय. उलट वाचताना दर वेळी छाती धडधडत असेल, रेघेखालचा भाग वाढत चालला असेल, तर वाचन थांबवून दुसऱ्या कामाकडे परत जा. खरी अट अजून हाती लागलेली नाही.

सहाच्या आधी तो फारच रेटत असेल तर काय करावं? छत्री तलावाला फेरी मारून या असं लोक सांगतात. पायांना चांगलं, पण चालताना मन रिकामं असतं, आणि रिकाम्या मनात बस पुन्हा लागते. त्यापेक्षा शब्द किंवा आकडे लागतील असं काम घ्या: मोठ्याने वाचन, दुकानाचा हिशेब, पोराचे पाढे. ज्या तोंडाने आपण मनात भांडतो, तेच तोंड कामाला लागलं पाहिजे.

‘राग काढून टाक’ हा सल्ला मात्र ऐकू नका. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या निबंधावर अनोळखी माणसाच्या नावाने मुद्दाम अपमानकारक शेरा लिहिला होता, म्हणजे जवळपास आपलाच प्रसंग. मग काहींना त्या माणसाला आठवत ठोसे मारायच्या पिशवीवर ठोसे मारायला लावलं, काहींना नुसतं बसवलं. ठोसे मारणारे जास्त रागावलेले निघाले. शांत बसलेल्यांचा आक्रमकपणा सर्वांत कमी होता. पानठेल्यावर तीच हकिकत रोज नव्या माणसाला रंगवून सांगणं हेही त्या ठोशांसारखंच. एकाच माणसाला, एकदाच सांगा, आणि ‘तो किती नालायक’ असं न विचारता विचारा, ‘‘माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?’’ गुरुजींनी बायकोला विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘मी त रुमालच टाकला नसता, मी आधी चढली असती.’’

दोन आठवडे हे करूनही झोप, जेवण किंवा काम सुटत असेल, किंवा टोमण्याच्या निमित्ताने स्वतःबद्दलच भलते विचार येत असतील, तर ही वही पुरणार नाही. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. अकोल्यात सर्वोपचार आणि अमरावतीत इर्विन रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवता येईल.

संपलं हे ओळखायची खूण आठवण न येणं ही नाही. त्याच बसस्थानकावर गेलात की आठवण येणारच. ती आल्यावर पाठोपाठ मनात उत्तर रचायला सुरुवात होत नसेल तर झालं. होत असेल तर नवा पंचनामा करू नका, जुनाच एकदा वाचा आणि बसची पाटी बघायला लागा.