आसनांचा नकाशा आणि पडद्याचे अंतर

तिकीटखिडकीसमोर उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाला पूर्वी फारशी निवड नसे. बाल्कनी की स्टॉल एवढे त्याने सांगावयाचे आणि हाती येईल त्या क्रमांकाच्या खुर्चीवर समाधान मानावयाचे. ऑनलाईन आरक्षणात मात्र संपूर्ण प्रेक्षागृहाचा नकाशा त्याच्यापुढे मांडलेला असतो. हा नकाशा प्रमाणबद्ध नसतो. त्यात सर्व चौकोन सारखे आणि पडदा म्हणजे केवळ एक रेघ. तरीही थोडासा हिशेब केल्यास त्यावरून बरेच काही ताडता येते.

प्रथम पडदा कोणत्या बाजूस दाखविला आहे ते पाहावे. काही चित्रपटगृहांत 'ए' ही रांग पडद्यालगत असते, तर काहींत ती सर्वांत मागे असते. केवळ अक्षरावर विसंबून तिकीट काढणारा प्रेक्षक पुष्कळदा पहिल्या रांगेत जाऊन बसतो.

त्यानंतर खुर्च्या मोजाव्यात. साध्या खुर्चीची रुंदी सुमारे 55 सेंटिमीटर असते आणि दोन रांगांमधील अंतर साधारणपणे 1.2 मीटर असते. समजा, एका रांगेत 20 खुर्च्या व दोन मार्गिका आहेत आणि एकूण रांगा 14 आहेत. खुर्च्यांचे 11 मीटर आणि मार्गिकांचे सुमारे अडीच मीटर मिळून प्रेक्षागृहाची रुंदी साडेतेरा मीटरच्या आसपास भरते. बहुपडदा चित्रपटगृहांत पडदा बहुधा भिंतीपासून भिंतीपर्यंत जवळजवळ पोचलेला असतो. तेव्हा तो 12 मीटर रुंद धरण्यास हरकत नाही. पहिली रांग पडद्यापासून 5 मीटरवर आहे असे मानू. या हिशेबातील सर्वांत कच्चा अंदाज हाच होय. तो दोन मीटरांनी चुकला तर उत्तर एक-दोन रांगांनी सरकते.

पडदा डोळ्यांना किती मोठा दिसतो हे त्याच्या दोन टोकांमधील कोनावरून ठरते. सर्वांत मागच्या आसनावरूनही हा कोन निदान 36 अंश असावा, अशी टीएचएक्स या ध्वनिचित्र-प्रमाणन पद्धतीची शिफारस आहे. आपल्या उदाहरणात बाराव्या रांगेपर्यंत ही अट पुरी होते. चौदाव्या रांगेत कोन 32 अंशांच्या आसपास उतरतो. नवव्या रांगेत, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या सुमारे सव्वापट अंतरावर, तो 45 अंश होतो. चित्र दृष्टीत भरून राहावे आणि तरीही मान वळवावी लागू नये, यासाठी हे अंतर पुष्कळांना मानवते.

पुढच्या रांगांत खरी अडचण वर पाहण्याची असते. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीपासून 35 अंशांहून उंच गेली की मान अवघडते. 12 मीटर रुंद पडद्यावर रुंदपट चित्र सुमारे 5 मीटर उंच असते. त्याची खालची कड डोळ्यांपेक्षा मीटरभर उंच असेल तर चौथ्या रांगेपर्यंत हा त्रास टळत नाही. पहिल्या रांगेत तर कोन 50 अंशांवर जातो.

ध्वनीचा कौलही साधारणपणे याच भागाकडे पडतो. संवाद पडद्यामागील मधल्या ध्वनिक्षेपकातून येतात. सभोवतालचे आवाज बाजूच्या व मागच्या भिंतींवरील ध्वनिक्षेपकांतून येतात. या सर्वांचा तोल साधताना ध्वनिमापक बहुधा प्रेक्षागृहाच्या दोनतृतीयांश खोलीच्या आसपास, मध्यभागी ठेवतात. भिंतीलगतच्या खुर्चीत बसणाऱ्याच्या कानाशी एकच ध्वनिक्षेपक येतो. मग पावसाचा आवाज चहूकडून न येता एका बाजूनेच येतो आणि संवाद त्याखाली दबतात. शेवटच्या रांगेत हेच मागच्या भिंतीमुळे घडते. म्हणून रांग मनासारखी न मिळाल्यास, मध्यरेषा सोडण्यापेक्षा एक-दोन रांगा मागेपुढे सरकणे अधिक श्रेयस्कर.

आपल्याकडे तिकिटाचा दर मात्र मागे जावे तसा चढतो. बाल्कनीच्या काळाचा हा वारसा असावा. त्यामुळे आपली नववी रांग कधीकधी स्वस्त गटाच्या अखेरच्या ओळींत सापडते आणि तिच्याहून महाग आसन तिच्याहून उणे ठरते. मागच्या रांगांत पसरट आरामखुर्च्या असतील तर त्या बऱ्याच अधिक खोली व्यापतात. नकाशावर तीन दिसणाऱ्या अशा रांगा प्रत्यक्षात पाच-सहा रांगांइतक्या दूर गेलेल्या असतात.

आडव्या मार्गिकेमागील रांगेत पाय पसरावयास ऐसपैस जागा मिळते, परंतु तिच्यापुढे कठडा असल्यास चित्राखालील अक्षरे झाकली जातात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सावल्या मध्ये येतात. कठडा नकाशावर दाखविलेला नसतो. रांगांमधील रिकामी पट्टी एवढीच त्याची खूण. मध्यंतरापूर्वीच उठावे लागणाऱ्याने मार्गिकेलगतची, परंतु भिंतीकडची नव्हे तर मधल्या गटातील कडेची खुर्ची घ्यावी.