डिसेंबरात पाऊस कुठे असतो?

पिरंगुटच्या ज्या कारखान्यात मी काम करतो, तिथे दर जानेवारीत ‘उत्कृष्ट कर्मचारी’ निवडतात. सहकाऱ्यांनी एकमेकांची नावं पानभर मजकुरासह सुचवायची. गुणवत्ता विभागातर्फे निवड समितीत मी बसतो. 2024 च्या जानेवारीत पॅकिंगमधल्या एका ताईंचं नाव आलं आणि दहा मिनिटांत बाजूलाही पडलं. काम अस्सल होतं, अर्ज कच्चा होता.

आधी काम सांगतो. पावसाळ्यात यंत्रावर घडवलेल्या लोखंडी नगांना आमच्याकडे हमखास गंज धरतो. धुतलेला नग हवेच्या गनने कोरडा करायचा, गंजरोधक तेलात बुडवायचा, पिशवीत बंद करायचा, तरी डागांच्या तक्रारी यायच्या. सगळ्यांचं बोट पॅकिंगकडे: बायका हातमोजे न घालता नग धरतात. 2023 च्या सप्टेंबरअखेर ताईंनी परत आलेले नग उजेडात धरून पाहिले. बोटांचे ठसे असते तर डाग लांबट, रेघारेघांचे असते. हे टाचणीच्या डोक्याएवढे होते, शिंतोडे उडावेत तसे, आणि सकाळच्या पहिल्या क्रेटमध्ये जास्त. त्यांनी हवेची गन कोऱ्या पुठ्ठ्यावर धरली आणि सुपरवायझरला हाक मारली, “साहेब, हवेतूनच पाणी येतंय, बघा.”

कॉम्प्रेसर दमट हवा ओढतो. दाबलेली हवा पुढे थंड झाली की तिच्यातलं पाणी सुटतं. ते बाहेर टाकणारा टाकीखालचा ऑटो ड्रेन गाळाने अडकला होता. रात्रभर साचलेलं पाणी सकाळी गनमधून नगावर बसायचं आणि त्यावर तेलाचा थर चढायचा. मेंटेनन्सने ड्रेन बदलला. तेव्हापासून प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला ताई पुठ्ठ्यावर हवा मारून बघतात आणि वहीत सही करतात.

सुपरवायझरने लिहिलेल्या अर्जाच्या पहिल्या पाच ओळी ‘अत्यंत मेहनती, मनमिळाऊ, हसतमुख’ यातच गेल्या. (असे अर्ज वाचून वाचून मला वाटायला लागलंय की आमच्या कारखान्यात रडका माणूस एकही नाही.) पुठ्ठ्याचा उल्लेखच नव्हता. शेवटी दोन दावे होते: ऑगस्टच्या मानाने डिसेंबरात गंज जवळजवळ संपला, आणि कंपनीचे लाखो रुपये वाचले. लेखा विभागाच्या बाईंनी विचारलं, “डिसेंबरात पाऊस कुठे असतो?” पैशांचा हिशेबही टिकला नाही. गंजलेले नग भंगारात जात नव्हते, ते घासून पुन्हा पॅक होत होते. वाचली ती घासण्याची मजुरी आणि दुसऱ्यांदाचं तेल-पिशवी. अर्जात मात्र नगाची पूर्ण किंमत धरली होती. एक आकडा फुगलेला दिसला की समिती बाकीच्या आकड्यांकडेही संशयाने बघते.

पुढच्या वर्षी त्याच सुपरवायझरने पुन्हा नाव दिलं, पण तुलना बदलली. जून ते सप्टेंबर 2023 आणि जून ते सप्टेंबर 2024, तेही हजार नगांमागे, कारण दोन्ही वर्षांचं उत्पादन सारखं नव्हतं. गोल आकड्यांत सांगायचं तर हजारी बारा डागी नगांवरून हजारी तीन. यंदा पाऊसच कमी असेल, ही शंका त्यानेच आधी खोडली होती. 2023 चा ऑगस्ट देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा होता. उलट 2024 च्या जुलैअखेर ताम्हिणीत एका दिवसात 550 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. पाऊस वाढला आणि गंज घटला. तेल तेच, पिशवी तीच, हेही त्याने एका वाक्यात लिहिलं. मधल्या काळात तेल बदललं असतं, तर श्रेय नेमकं कुणाला हा प्रश्न सुटलाच नसता, आणि तसं असेल तेव्हा आपणच सांगून टाकलेलं बरं.

अर्ज देण्याआधी त्याने तो ताईंना वाचून दाखवला. ‘ड्रेन बदलून समस्या सोडवली’ या वाक्याला त्यांनी थांबवलं. “ड्रेन मेंटेनन्सच्या पोरांनी बदलला. मी फक्त पाणी दाखवलं.” ते वाक्य तीन तुकड्यांत लिहिलं गेलं: कुणी ओळखलं, कुणी दुरुस्त केलं, कुणी रोज तपासलं. मेंटेनन्सचा माणूस समितीत होता. आदल्या वर्षी गप्प बसलेला तो या वेळी आपणहून ताईंच्या बाजूने बोलला. उरलेले तीन डागी नग बहुधा खरंच हाताळणीमुळे आहेत, हेही अर्जात होतं. त्यावर कुणी उलटतपासणी केली नाही.

पुरस्कार ताईंना मिळाला. मला विचारायला येणाऱ्यांना मी हल्ली एवढंच सांगतो, की अर्ज जानेवारीत लिहा, पण कागद आत्ता धरून ठेवा. रिजेक्शनचं रजिस्टर भरलं की ते गोडाऊनला जातं, शिफ्टच्या वहीची पानं भिजतात. ज्या दिवशी सहकाऱ्याने काही वेगळं केलेलं दिसेल, त्याच दिवशी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. तारीख आणि सही दिसेल असा.